१२८ ग्रॅमचं ‘३०० जीएसएम’ थर्मल: ऑनलाईन घेताना कसं ओळखायचं?

शिवारकर | ६ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाव कोरेगाव तालुक्यात, मी नोकरीला साताऱ्यात. आण्णा (वय ६३) गावीच असतात, रान अजून तेच बघतात. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे, त्यामुळं गव्हाला पाणी द्यायचं म्हणजे आण्णा रात्रभर दारं धरायला रानात. अंगात जुना स्वेटर, डोक्याला मफलर, खाली साधी पँट आणि गमबूट. मागच्या रविवारी गेलो तेव्हा पहाटे घरी आले, हात इतके गार की चहाचा कप धरवेना. म्हणून परत आल्या आल्या ऑनलाईन थर्मलचा सेट मागवला, टॉप आणि पायजमा, साईज एल, ६९९ रुपये.

पेजवर टायटल ‘प्रीमियम मेरिनो वूल थर्मल’, फोटोत बर्फात उभा माणूस, खाली ‘३०० जीएसएम’, ‘उणे १० डिग्रीपर्यंत ऊब’. रेटिंग ४.२ आणि दोन हजाराच्या वर रिव्ह्यू. म्हटलं एवढे लोक चांगलं म्हणतायत म्हणजे असेल.

परवा आलं. हातात घेतलं तर आपलं उन्हाळ्यातलं फुल बाह्यांचं टीशर्ट असतं ना तसं. मोबाईलची बॅटरी आतून लावली तर बाहेरून लाईटचा गोल स्पष्ट दिसतो, बोटं सुद्धा मोजता येतात. शिवलेलं लेबल कुठंच नाही, मानेला नुसता ‘L’ छापलाय, आणि प्लास्टिकच्या पिशवीवर स्टिकर, त्यावर ‘कॉटन ब्लेंड’. मेरिनो कुठं गेलं?

परत करायला सात दिवस आहेत, त्यातले दोन गेले. अजून घातलं नाही, धुतलं नाही. प्रश्न दोन. हे खरंच नकली आहे का मलाच थर्मलमधलं कळत नाही? आणि पुढच्या वेळी मागवायच्या आधी काय बघायचं?

---

टेकडी_धावक | ६ डिसेंबर, रात्री १०:०५

अरे थर्मल पातळच असतं भावा. मी रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर धावायला जातो, माझं बेस लेयर हातरुमालासारखं हलकं आहे पण घाम ओढून घेतं आणि अंग कोरडं राहतं. जाड घेतलंस तर अर्ध्या चढात काढून कमरेला बांधायला लागेल. अंगाला एकदम टाईट बसणारं घे आणि वर विंडचीटर. कुठली रेस करायची आहे आण्णांना?

---

शिवारकर | ६ डिसेंबर, रात्री १०:११

दादा रेस नाही, रात्री पाणी द्यायचंय :) एका सरीत पाणी सोडलं की भरेपर्यंत बांधावर उभं राहायचं किंवा बसायचं, मग उठून दार मोडायचं, पुढची सरी. म्हणजे दहा मिनिटं काम आणि अर्धा तास गारठ्यात स्वस्थ, वर पाय ओले.

---

तालीम_तात्या | ६ डिसेंबर, रात्री १०:३२

एवढा विचार कशाला करायचा राव. शिवणीतला एक धागा ओढून काढ आणि काडी लाव. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर. कागदासारखं जळून राख झाली तर सुती. आणि आकसून काळा कडक गोळा झाला की समजायचं प्लास्टिक, दे परत पाठवून. आमच्या वडिलांनी शिकवलंय, आजवर चुकलं नाही.

---

ताणाबाणा | ७ डिसेंबर, सकाळी ७:२०

तात्या, वास आणि गोळ्याचं तुम्ही सांगितलंय ते बरोबर, पण शिवारकर, तू काडी लावू नकोस. मी सांगलीचा, इचलकरंजीत प्रोसेसिंग हाऊसला क्वालिटीला अकरा वर्षं काढली, कपडा वजन करणं हेच काम होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, शिवणीतला धागा हा शिलाईचा धागा असतो आणि तो आजकाल बहुतेक पॉलिएस्टरचाच असतो. कपडा शंभर टक्के लोकरीचा असला तरी तो धागा जळून गोळाच होणार, आणि तुम्ही चांगला माल परत पाठवणार. तपासायचाच असेल तर शिवणीच्या आत जो कपड्याचा सुटा काठ राहतो त्यातला धागा घ्यायला लागतो. आणि धागा ओढला, कपड्याला छिद्र पडलं की रिटर्न नाकारायला कंपनीला आयतं कारण. ज्याला परत करायचंय त्यानं जाळून बघू नये.

दुसरी गोष्ट, गोळा झाला म्हणजे नकली हे काही खरं नाही. थर्मल चांगलं पॉलिएस्टरचं असू शकतं, ॲक्रिलिकचं असू शकतं, त्यात व्हिस्कोस मिसळलेलं असू शकतं. बाजारात ‘वूलन’ म्हणून जे स्वेटर विकतात त्यातले कितीतरी ॲक्रिलिकचे असतात आणि ते गरम असतात. उलट शुद्ध सुती थर्मल जळून छान राख होईल, पण घामानं किंवा पाण्यानं ओलं झालं की लवकर वाळत नाही आणि अंगावर गार पडतं. आण्णांचं काम बघता शुद्ध सुती मी तरी घेणार नाही. नकली म्हणजे काय, तर सांगितलं एक आणि दिलं दुसरं. तुझ्या केसमध्ये मेरिनो सांगितलं आणि स्टिकरवर कॉटन ब्लेंड, इथंच ते पडलं.

‘ब्लेंड’ या शब्दावर तर कधीच जाऊ नये. कॉटन ब्लेंड म्हणजे कॉटन ९० टक्के पण असेल आणि ५ टक्के पण असेल. जो खरंच चांगला धागा घालतो तो आकडा लिहितो, कारण त्यानं त्याचे पैसे मोजलेले असतात. लेबलवर टक्के पाहिजेत आणि त्यांची बेरीज शंभर झाली पाहिजे. ‘वूल टच’, ‘वूल फील’, ‘मेरिनो सॉफ्ट’ असले शब्द दिसले तर त्यात लोकर नाही असंच धरून चालायचं. शुद्ध मेरिनोचा नुसता टॉपच काही हजारांना जातो, ६९९ मध्ये टॉप आणि पायजमा दोन्ही येणं शक्य नाही.

आता वजन. घरात स्वयंपाकाचा डिजिटल काटा आहे का? असेल तर नुसत्या टॉपचं वजन कर, पिशवी आणि पुठ्ठा काढून. आणि टेपनं हे माप घे, कपडा टेबलावर न ताणता सपाट पसरून: छातीची रुंदी, खांद्यापासून खालपर्यंत लांबी, बाहीची लांबी, बाहीची रुंदी काखेजवळ आणि मनगटाजवळ. इथं टाक, मी सांगतो जीएसएम किती ते.

---

शिवारकर | ७ डिसेंबर, सकाळी ८:०२

काटा बायकोचा आहे, केकसाठी घेतलेला. टॉप १२८ ग्रॅम. छाती ४६ सेंमी, लांबी ६६, बाही ५६, काखेजवळ १७ आणि मनगटाला ९.

---

ताणाबाणा | ७ डिसेंबर, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. जीएसएम म्हणजे एक मीटर बाय एक मीटर कपड्याचं ग्रॅममध्ये वजन, बाकी काही नाही. आमच्याकडं त्यासाठी गोल कटर असतो, १०० चौरस सेंमीचा तुकडा कापायचा, वजन करायचं, शंभरानं गुणायचं. घरी ते करू नये, एक तर कपडा कापावा लागतो आणि दुसरं म्हणजे घरच्या काट्यावर एका ग्रॅमची चूक झाली की उत्तरात शंभराचा फरक पडतो. म्हणून अख्खं कापड मोजायचं, मग दोन-तीन ग्रॅम इकडं तिकडं झालं तरी बिघडत नाही.

तुझं बघ. अंगाचा भाग ४६ गुणिले ६६, पुढं आणि मागं मिळून दोनदा, ६०७२ चौरस सेंमी. बाहीची सरासरी रुंदी १३, गुणिले ५६, एका बाहीला दोन बाजू आणि बाह्या दोन, म्हणजे चारदा, २९१२. एकूण ८९८४, म्हणजे साधारण ०.९ चौरस मीटर. गळ्याचा कट आणि शिवणीतला दुमडलेला कपडा एकमेकांना बरेचसे फिटतात, ते सोडून दे. १२८ भागिले ०.९ म्हणजे १४२ जीएसएम.

आता उलटं कर. ३०० जीएसएम असतं तर याच मापाचा टॉप २७० ग्रॅम भरला असता. तुझा निम्म्याच्याही खाली आहे. माप घेताना सेंटीमीटर दोन सेंटीमीटर चुकलं असेल असं धरलं तरी एवढा फरक येत नाही. हे मोजमापातलं कमीजास्त नाही, हे खोटं लिहिलेलं आहे. साधं टीशर्ट १४० ते १८० च्या आसपास असतं, म्हणजे हाताला टीशर्टसारखं लागलं ते बरोबर लागलं तुला.

आणि @टेकडी_धावक चं सगळं चूक नाही. ज्याचं अंग सतत चालू आहे त्याला पातळच पाहिजे. पण बांधावर बसून राहणाऱ्या माणसाला आत अडकलेली हवा पाहिजे, ती पातळ गुळगुळीत कपड्यात राहत नाही. आतून ब्रश केलेलं, म्हणजे लव उठवलेलं, किंवा चौकडी विणीचं, किंवा दोन थरांमध्ये कापसासारखा पातळ थर घालून शिवलेलं असतं ते. त्यामुळं जीएसएम जास्त म्हणजे ऊब जास्त असंही डोळे झाकून म्हणू नये. घट्ट विणलेला २५० चा सपाट कपडा लव उठवलेल्या २०० पेक्षा गार वाटू शकतो. वजनावरून खोटं पकडता येतं, ऊब पूर्ण कळत नाही.

---

सौ_मिरज | ७ डिसेंबर, दुपारी ३:४८

मला एक कळलं नाही, वजन तर पेजवरच दिलेलं असतं की. मी सुनेसाठी घेतलं त्यात ‘आयटम वेट ५०० ग्रॅम’ लिहिलं होतं. मग ते बघून घेतलं तर चालणार नाही का? काटा कशाला?

---

ताणाबाणा | ७ डिसेंबर, रात्री ८:३०

काकू, ते वजन बहुतेक वेळा कुरिअरसाठी भरलेलं असतं. पुष्कळ कुरिअरचा दर ५०० ग्रॅमच्या टप्प्यानं असतो, म्हणून विकणारा सगळ्याच मालाला ५०० टाकून मोकळा होतो. एस पासून डबल एक्सएल पर्यंत सगळ्याला एकच वजन दिसलं तर ते कपड्याचं नाहीच हे नक्की, कारण डबल एक्सएलला कपडाच जास्त लागतो. २१५, २४० असे अवघड आकडे साईजप्रमाणे वेगळे दिले असतील तर निदान कुणीतरी काट्यावर ठेवलंय म्हणायचं. नाहीतर प्रश्नोत्तराच्या जागी सरळ विचारायचं, ‘एल साईजच्या फक्त टॉपचं वजन किती, पॅकिंग सोडून?’ ज्याला माल माहीत आहे तो आकडा देतो, ज्याला लपवायचंय तो ‘बेस्ट क्वालिटी सर’ म्हणतो.

---

वाईची_लेक | ७ डिसेंबर, रात्री ९:५५

रिव्ह्यूबद्दल मी लिहू का, कारण घरातलं सगळं ऑनलाईन मीच मागवते आणि परत पण मीच पाठवते. शिवारकर, ते दोन हजार रिव्ह्यू एकदा ‘नवीन आधी’ लावून वाच आणि मग अगदी जुन्यापर्यंत खाली जा. मी मागच्या वर्षी एक जॅकेट बघत होते, ४.४ स्टार, आणि जुने रिव्ह्यू काय तर ‘बेडशीटचा रंग गेला नाही’, ‘डबल बेडला पुरते’. म्हणजे आधी त्याच पेजवर बेडशीट विकत होते, तिला स्टार मिळाले आणि मग त्याच पेजवर जॅकेट चढवलं. स्टार राहिले बेडशीटचे. काही ठिकाणी सगळे रंग आणि प्रकार एकाच पेजखाली घालतात, तेव्हा रिव्ह्यूच्या वर बारीक अक्षरात कुठला प्रकार घेतला ते येतं, ते वाचायचं. टॉप चांगला असतो आणि सेट भिकार असतो असं पण होतं.

दुसरं, पाच स्टार आणि एक स्टार दोन्ही मी सोडून देते. एक स्टारवाले निम्मे कुरिअरवर चिडलेले असतात. तीन आणि दोन स्टारवाल्यांत खरी माहिती असते. आणि शोधायच्या चौकटीत `wash`, `thin`, `patla` असे शब्द टाकते. ‘व्हेरी सॉफ्ट, नाईस प्रॉडक्ट’ हे सगळे आलेल्या दिवशीच लिहिलेले असतात, तीन धुण्यांनंतर लिहिणारा दहात एखादा, पण तोच कामाचा. आणि लोकांनी टाकलेले फोटो मोठे करून बघायचे, त्यात लेबल दिसतंय का. कंपनीच्या फोटोत गळ्यापाशी विणलेलं लेबल आणि घरी आलेल्यांच्या फोटोत नुसता छापा, असं दिसलं की मी मागवत नाही.

एक माझ्या घरात घडलेलं सांगते. सासऱ्यांसाठी मागवलेल्या थर्मलच्या पिशवीतून एक रंगीत कार्ड निघालं, ‘५ स्टार द्या, स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप करा, १०० रुपये मिळवा’. मी ते कार्डच रिव्ह्यूमध्ये फोटो काढून टाकलं. तो रिव्ह्यू दोन दिवसांत गायब झाला.

---

ताणाबाणा | ७ डिसेंबर, रात्री १०:२०

सॉफ्टचं ताईंनी बरोबर पकडलंय, त्याचं कारण सांगतो. शेवटी कपड्याला सॉफ्टनरमधून काढतात, सिलिकॉनचं फिनिश दिलं की हलक्यातला कपडा पण लोण्यासारखा लागतो. हलक्या कामात तो मऊपणा धुण्यात उतरतो आणि खालचा खरा कपडा वर येतो. त्यामुळं मऊ लागतं यावरून काहीच ठरवू नये, दुकानात हात लावून घेताना सुद्धा. आतली लव अंगठ्यानं वीसेक वेळा घासून बघा, बारीक गोळ्या झाल्या किंवा अंगठ्याला धागे चिकटून आले तर ती लव फार धुणी टिकणार नाही.

---

बेदाणा_तासगाव | ८ डिसेंबर, सकाळी ६:५०

माझा प्रश्न जॅकेटचा आहे, इथंच विचारतो. बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजला कामाला आहे, आत चार-पाच डिग्री असतं, पेट्या लावायला एका वेळी तासभर तरी आत. पोरीनं ऑनलाईन ‘डाऊन जॅकेट, उणे १० डिग्री’ म्हणून १२९९ चं मागवलं. मी काट्यावर ठेवलं तर एक किलो शंभर ग्रॅम. वर तुम्ही म्हणताय वजन पाहिजे, म्हणजे हे चांगलं म्हणायचं ना? पण गार तर लागतंय. विशेष करून खांद्यावर आणि जिथं आडव्या शिलाया आहेत तिथं.

---

तालीम_तात्या | ८ डिसेंबर, सकाळी ७:१५

किलोभर जॅकेट म्हणजे दणकट आहे की. आत स्वेटर घाला.

---

ताणाबाणा | ८ डिसेंबर, दुपारी १:२०

इथं सगळं उलटं होतं, बरं झालं विचारलंत. थर्मल हा एकच कपडा, त्याचं वजन म्हणजे कपड्याचं वजन. जॅकेटला वरचा कपडा, त्याला मागून दिलेलं कोटिंग, अस्तर, चेन, बक्कल, टोपी, खिसे, आणि या सगळ्याच्या मध्ये भरण. ऊब देतं ते भरण, आणि वजन बाकीचंच जास्त. डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या पोटाकडची पिसांखालची मऊ लव, ती इतकी हलकी असते की खरं डाऊन जॅकेट हातात घेतलं की रिकामं वाटतं. किलोच्या वर गेलेलं आणि तरी गार लागणारं, म्हणजे जाड रेक्झिनसारखं कोटिंग आणि आत पॉलिएस्टरची पातळ चादर असणार.

घरी एवढं करा. दोन शिलायांच्या मधला फुगा चिमटीत धरून बोटांवर फिरवा. डाऊन असेल तर आतला माल सरकतो, मध्येच एखाद्या पिसाची काडी टोचते. सगळीकडं एकसारखी गादी लागली आणि काहीच सरकलं नाही तर ती पॉलिएस्टरची शीट. मग जॅकेट खिडकीला उजेडासमोर धरा. अस्तर काळं असेल तर दिसणार नाही, पण फिकं असेल तर भरण कुठं आहे कुठं नाही ते डागासारखं दिसतं. आणि आडव्या शिलाईवर गार लागतं कारण तिथं वरचा कपडा आणि अस्तर थेट एकत्र शिवलंय, मध्ये भरण शून्य. स्वस्तातल्या जवळपास सगळ्या जॅकेटला हे असतं. लेबलवर ‘फिलिंग’ म्हणून वेगळी ओळ आहे का बघा. खऱ्या डाऊनला तिथं डाऊन किती टक्के आणि पिसं किती टक्के असं लिहिलेलं असतं.

पॉलिएस्टरचं भरण वाईट नसतं, उलट दमट जागेत ते डाऊनपेक्षा बरं, ओलं झालं तरी डाऊनसारखं बसत नाही. फक्त डाऊन म्हणून पैसे घेऊ नयेत. आणि ते ‘उणे १०’ कशावरून काढलं हे पेजवर कधीच नसतं, माणूस चालतोय का उभा आहे, आत काय घातलंय, वारा किती, काहीच नाही. कोल्ड स्टोअरेजच्या कामासाठी वेगळे कपडे मिळतात, लेबलवर `EN 14058` किंवा त्याहून गार जागेसाठी `EN 342` लिहिलेलं असतं. आकडा कुणीही छापू शकतो, त्यामुळं बनवणाऱ्याचं नाव पत्ता आणि चाचणीचा कागद मागा. खरं तर हे मालकानं द्यायला पाहिजे.

---

बेदाणा_तासगाव | ८ डिसेंबर, सायंकाळी ७:३०

फिरवून बघितलं, काहीच सरकत नाही. लेबलला ‘१०० टक्के पॉलिएस्टर’ एवढंच, फिलिंगची ओळ नाही. टॅग काढून दीड महिना झाला त्यामुळं परत जाणार नाही. मालकाला विचारतो.

---

खणआळी_होजिअरी | ८ डिसेंबर, रात्री ९:१०

आमचं होजिअरीचं दुकान आहे त्यामुळं मी स्वतःच्या धंद्याचं बोलतोय असं वाटेल, पण सांगतो. पाकीट हातात घेतल्यावर त्यावर बनवणाऱ्याचं किंवा मार्केटिंग करणाऱ्याचं नाव आणि पत्ता, एमआरपी, साईज, कस्टमर केअरचा नंबर हे असायलाच पाहिजे. ऑनलाईनला पण विकणाऱ्याचं नाव पत्ता आणि माल कुठल्या देशात बनला ते पेजवर द्यावं लागतं, लोक तिथंपर्यंत खाली जातच नाहीत. आमच्याकडं लोक मोठ्या ब्रँडचं ऑनलाईन घेतलेलं थर्मल घेऊन येतात आणि म्हणतात याचा पायजमा मोठा द्या. मी बघतो तर अक्षराची ठेवण तीच पण स्पेलिंगमध्ये एक अक्षर वेगळं, पाकिटावर पत्त्याच्या जागी नुसतं शहराचं नाव. ब्रँडचं घ्यायचं असेल तर ‘विक्रेता’ म्हणून कुणाचं नाव येतंय ते त्या ब्रँडच्या स्वतःच्या वेबसाईटवर ताडून बघा.

आणि एमआरपी २९९९, सवलतीत ६९९, हे बघून भुलू नका. लुधियाना आणि तिरुपूरहून माल आम्हीही मागवतो, चांगल्या सेटला एवढी सवलत परवडत नाही.

---

वाईची_लेक | ८ डिसेंबर, रात्री ९:३४

दादा, पण दुकानात पण सगळे लेबल दाखवतात असं नाही. मागं एका दुकानात मी टक्के विचारले तर ‘ताई गरम आहे, घाला तर खरं’ म्हणाले. आणि घातल्यावर परत घेत नाहीत.

---

खणआळी_होजिअरी | ८ डिसेंबर, रात्री ९:४१

मान्य आहे ताई. इनर परत घ्यायचं अवघड असतं आम्हाला, पुढच्याला विकता येत नाही. पण पाकीट फोडून हात लावून बघा म्हणतो आम्ही, तेवढं तरी ऑनलाईनला नाही.

---

शिवारकर | ९ डिसेंबर, रात्री ८:२०

अपडेट. रिटर्न टाकायला गेलो तर ‘इनरवेअर, फक्त साईज बदलून मिळेल’ असं आलं. थर्मल इनरवेअरमध्ये धरलंय हे मागवताना बघितलंच नव्हतं. काय करू?

---

वाईची_लेक | ९ डिसेंबर, रात्री ८:४५

‘साईज’ कारण अजिबात निवडू नकोस, मग तोच माल दुसऱ्या साईजचा येईल. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ निवड आणि फोटो लाव: पेजचा स्क्रीनशॉट ज्यात मेरिनो आणि ३०० जीएसएम दिसतंय (तो आत्ता लगेच काढ, पेज बदलतात), पिशवीवरचा कॉटन ब्लेंडचा स्टिकर, काट्यावर १२८ दिसतंय असा टॉप, आणि टेप लावलेला एक. त्यातून नाही झालं तर १९१५ ला फोन लाव, ग्राहक हेल्पलाईन आहे सरकारची, ऑर्डर नंबर हाताशी ठेव. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आहे का?

---

शिवारकर | ९ डिसेंबर, रात्री ८:५२

व्हिडिओ नाही. स्क्रीनशॉट काढला.

---

शिवारकर | २३ डिसेंबर, रात्री १०:१५

धागा वर काढतोय. पहिली विनंती नाकारली, ‘कपडा ठीक आहे’ म्हणून. मग १९१५ वर तक्रार नोंदवली आणि तो तक्रार नंबर कस्टमर केअरच्या चॅटमध्ये टाकला, पुन्हा चारही फोटो दिले. पाच दिवसांनी माणूस येऊन माल घेऊन गेला आणि काल ६९९ परत आले. तक्रारीमुळं झालं का फोटोमुळं ते सांगता येत नाही. पण तेच पेज अजून चालू आहे, फक्त टायटलमधलं ‘मेरिनो’ जाऊन ‘वूलन फील’ झालंय, ३०० जीएसएम तसंच.

दुसरा सेट शोधताना पेजवर टक्के दिलेले आहेत असेच बघितले, चार उरले. चौघांना प्रश्नात वजन विचारलं, एकानं उत्तर दिलं, एल चा टॉप २१० ते २१५ ग्रॅम. शिवाय एकीनं रिव्ह्यूमध्ये पंधरा धुण्यांनंतरचा फोटो टाकला होता आणि त्यात आतलं लेबल वाचता येत होतं, पॉलिएस्टर ६०, व्हिस्कोस ३५, इलास्टेन ५. तोच मागवला, ११४० ला. या वेळी परत करायच्या अटी आधी वाचल्या आणि उघडताना व्हिडिओ केला. काट्यावर २१४ भरला, क्षेत्रफळ ०.९३ आलं, म्हणजे २३०. पेजवर २२० लिहिलं होतं. आतून लव आहे, मोबाईलची बॅटरी लावली तर नुसता पिवळट डाग दिसतो, गोल दिसत नाही.

शनिवारी आण्णांना दिला. रात्री तोच घालून गेले, वर जुना स्वेटर. सकाळी विचारलं तर म्हणाले, ‘पोटात छातीत काय नाय वाटलं, पर गुडघ्याला गारच हाय.’ बघितलं तर बसल्यावर पायजमा गुडघ्यावर ताणला जातो आणि तिथंच पातळ होतो. ताणाबाणा, सपाट ठेवून मोजलेलं २३० गुडघ्यावर ताणल्यावर किती राहत असेल? एक साईज मोठा पायजमा घेतला तर फरक पडेल का, का मग ढिला होऊन हवा आत शिरेल?

---

ताणाबाणा | २४ डिसेंबर, सकाळी ७:०५

कपडा रुंदीला चौथ्या हिश्शानं ताणला तर २३० चा तिथं १८४ राहतो. गुडघ्यावर तेवढा ताण सहज येत असेल. एक साईज मोठा घेतला तर ताण कमी होईल, पण घोट्याला आवळलेला पाहिजे, नाहीतर गमबुटात गोळा होईल. माझ्या अंदाजानं मोठा घ्यावा. पण उभं राहून काम करणाऱ्यांचं माझ्याकडं माहीत आहे, ओल्या पायानं उकिडवं बसणाऱ्यांचं नाही. कुणी शेतात घालत असेल तर सांगा.

---

कृष्णाकाठ_शेतकरी | २४ डिसेंबर, रात्री ११:३०

आत्ता पाण्यावरच आहे, बांधावरून लिहितोय. मी पायजम्यावरून जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून गुडघ्यावर चढवतो, रबर लावून. आण्णांना एक साईज मोठा द्या आणि हे करून बघायला सांगा. आणि त्या पहिल्या पेजची लिंक मला पाठवा, आमच्या गावात तिघांनी तसलंच मागवलंय, अजून फोडलं नाही.